ग्राहकाचा चेक परत आला: डिमांड नोटिशीत रक्कम, तारखा आणि मुदत कशी लिहायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वकिलांच्या ऑफिसात बसून चेकच्या नोटिसा तयार करणं हे माझं रोजचं काम आहे. येणारे बहुतेक जण छोटे पुरवठादार असतात. माल देऊन झालेला, चेक परत आलेला, आणि गिऱ्हाईक फोन उचलत नाही. त्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

सगळीकडे एकच कल्पित प्रकरण वापरलं आहे, म्हणजे तारखा आणि आकडे जुळवून बघता येतील. मिरज एमआयडीसीतला एक कारखानदार कोरुगेटेड बॉक्स करतो. तासगावचा एक बेदाणा व्यापारी त्याच्याकडून खोकी घेतो. व्यापाऱ्याकडे तीन बिलं बाकी आहेत: बिल क्र. २१८ चे ९८,६०० रुपये, २३१ चे ८६,४०० आणि २४४ चे १,२७,४००. एकूण बाकी ३,१२,४००. पहिल्या दोन बिलांपोटी त्याने ५ जानेवारी २०२६ तारखेचा १,८५,००० रुपयांचा चेक दिला. कारखानदाराने तो ८ तारखेला मिरजेतल्या आपल्या बँकेत भरला. ९ तारखेला ‘फंड्स इनसफिशियंट’ शेरा मारून तो परत आला.

चेक परत आला की लगेच नोटीस द्यायची, की आणखी एकदा भरून बघायचा?

दोन्ही चालतं. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो कितीही वेळा बँकेत भरता येतो. आपल्या प्रकरणात ही मुदत एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत आहे. पहिल्यांदा परत आला तेव्हा नोटीस दिली नाही म्हणून हक्क बुडत नाही. नोटीस देऊनही फिर्याद केली नसेल, तरी चेक पुन्हा भरून, पुन्हा परत आल्यावर नव्याने नोटीस देता येते. एमएसआर लेदर्स खटल्यात २०१२ साली सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं. त्याआधी चौदा वर्षं उलटा निकाल लागू होता, त्यामुळे जुनी मंडळी अजूनही ‘एकदा नोटीस दिली की संपलं’ असं सांगतात. तो सल्ला आता जुना झाला.

तरीही पुन्हा भरण्याआधी एक विचार करा. गिऱ्हाईक ‘सोमवारी भरा, पैसे टाकतो’ म्हणाला, तर ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. त्याने चेक नाकारला नव्हता, उलट पुन्हा भरायला सांगितलं होतं, हे पुढे त्या एका ओळीतून दिसतं.

रिटर्न मेमोत काय बघायचं?

मेमो म्हणजे बँकेची ती पावभर कागदाची चिठ्ठी. तिच्यावर चेक नंबर, रक्कम, परतीचं कारण आणि तारीख आहे का, आणि बँकेचा शिक्का आहे का, एवढं बघा. कारण ‘फंड्स इनसफिशियंट’च असलं पाहिजे असं नाही. ‘अकाउंट क्लोज्ड’, ‘पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉवर’ आणि सही न जुळणं, या तिन्हींवर परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं कलम, लागू शकतं असं सुप्रीम कोर्टाने वेगवेगळ्या निकालांत सांगितलं आहे. पण तुमच्याच चुकीने परत आला असेल, म्हणजे मुदत संपल्यावर भरला किंवा नावात घोळ होता, तर नोटिशीला अर्थ नाही. गिऱ्हाइकाकडून नवा चेक मागा.

नोटिशीचे ३० दिवस कुठून मोजायचे?

चेक परत आल्याची माहिती बँकेकडून तुम्हाला ज्या दिवशी मिळाली, त्या दिवसापासून. तो दिवस सोडून दुसऱ्या दिवसाला एक म्हणायचं.

गोंधळ असा होतो की माहिती दोनदा मिळते. आपल्या कारखानदाराला ९ जानेवारीला मोबाइलवर मेसेज आला, आणि मेमो व मूळ चेक त्याने १२ तारखेला शाखेतून आणला. कायद्यात ‘बँकेकडून माहिती मिळाल्यापासून’ असे शब्द आहेत, ‘मेमो हातात पडल्यापासून’ असे नाहीत. समोरचा वकील मेसेजची तारीख धरून बसू शकतो. म्हणून आम्ही नेहमी आधीची तारीख धरतो. ९ जानेवारी सोडून १० पासून मोजलं, तर तिसावा दिवस ८ फेब्रुवारीला येतो, आणि त्या दिवशी रविवार आहे. शुक्रवारी संध्याकाळी पोस्टाच्या खिडकीशी धावत जाण्याची वेळ कुणावर येऊ नये. मेमो मिळाल्यावर दहा-बारा दिवसांत नोटीस गेली पाहिजे. कारखानदाराने ती २१ जानेवारीला पाठवली.

या ३० दिवसांत नोटीस रवाना झाली की पुरे. समोरच्याला ती तेवढ्यात मिळायलाच हवी असं नाही. हा ३० चा आकडा ६ फेब्रुवारी २००३ पासून आहे. त्याआधी पंधराच दिवस मिळत.

नोटिशीत किती रक्कम मागायची? माझी तर एकूण बाकी जास्त आहे.

सगळ्या प्रश्नांत हा सर्वांत महागाचा आहे, म्हणून जरा थांबून बघू.

मागायची ती चेकची रक्कम. आपल्या प्रकरणात १,८५,००० रुपये. ना ३,१२,४००, ना ‘आमची संपूर्ण बाकी’.

चूक कशी होते, ते मी इतक्यांदा पाहिलं आहे की सांगू शकतो. अकाउंटंट टॅलीतून खातेउतारा काढतो. खाली ठळक अक्षरांत क्लोजिंग बॅलन्स असतो, ३,१२,४००. उतारा नोटिशीच्या फाइलला टाचला जातो. टायपिंग करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तोच आकडा असतो आणि ‘सदर रक्कम पंधरा दिवसांत अदा करावी’ या वाक्यातल्या ‘सदर’मध्ये तो जाऊन बसतो. वर चेकचा उल्लेख १,८५,००० असा बरोबर आलेला असतो, पण मागणी मात्र ३,१२,४०० ची झालेली असते. मालकाला तेच हवं असतं, म्हणून सही करताना त्यालाही खटकत नाही. आमच्याही ऑफिसात एक मसुदा असाच सहीपर्यंत गेला होता. लिफाफा चिकटवण्याआधी साहेबांनी तो वाचला, म्हणून वाचलो.

याचा परिणाम काय? कायद्याच्या मजकुरात ‘सदर रकमेची’ मागणी असा शब्द आहे, आणि सुप्रीम कोर्टाने त्याचा अर्थ चेकची रक्कम असाच लावला आहे. २००७ सालच्या राहुल बिल्डर्स खटल्यात चेक एक लाखाचा होता आणि नोटिशीत बिलांची आठ लाखांवर गेलेली सगळी बाकी मागितली होती. नोटीस टिकली नाही, पर्यायाने फिर्यादही टिकली नाही. अलीकडे, सप्टेंबर २०२५ मध्ये, कावेरी प्लास्टिक्स खटल्यात चेक एक कोटीचा आणि नोटिशीतला आकडा दोन कोटींचा होता. ‘ही टायपिंगची चूक आहे’ असा बचाव झाला. कोर्टाने तो मानला नाही. कलमात शिक्षा आहे, तेव्हा नोटीस काटेकोरच हवी, असं त्या निकालाचं म्हणणं आहे. एका शून्याचीही सवलत नाही.

मग बिल २४४ चे १,२७,४०० सोडून द्यायचे का? अजिबात नाही. ते या नोटिशीत मागायचे नाहीत, एवढंच. त्यासाठी वेगळं पत्र किंवा वेगळी नोटीस द्या आणि गरज पडली तर दिवाणी दावा करा. त्या बिलापोटी चेकच दिलेला नाही, तर चेकच्या कायद्याला त्याच्याशी काय करायचं?

पोस्टात टाकण्यापूर्वी मी एक साधी तपासणी करतो. चेकची झेरॉक्स डाव्या हाताला, नोटीस उजव्या हाताला. चेक नंबर, तारीख, बँक-शाखा, अंकी रक्कम आणि अक्षरी रक्कम यांवर बोट ठेवत मोठ्याने वाचायचं. शेवटच्या मागणीच्या परिच्छेदात आकडा पुन्हा स्वतंत्र लिहायचा. ‘सदर’, ‘वरील’ आणि ‘उपरोक्त’ यांच्या भरवशावर तो सोडायचा नाही.

व्याज आणि नोटिशीचा खर्च मागता येतो का?

येतो. फक्त वेगळ्या ओळीत, वेगळा ओळखू येईल असा. चेकची रक्कम स्वतंत्र दाखवून व्याज आणि खर्च निराळा मागितला, तर तेवढ्यावरून नोटीस बाद होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००० साली म्हटलं आहे. आकडे एकत्र करून ‘एकूण १,९२,००० द्यावेत’ असं लिहिलं की घोटाळा झाला.

आणि खरं सांगायचं तर, व्याजाचा हव्यास किती करायचा, तेही बघा. बिलावर १८ टक्क्यांची अट असली, तरी १,८५,००० वर दिवसाला साधारण ९१ रुपये होतात, महिन्याला पावणेतीन हजारांच्या आसपास. तेवढ्यासाठी नोटिशीची मांडणी गुंतागुंतीची करण्यापेक्षा ‘व्याजाचा हक्क राखून ठेवून’ असं लिहिणं मला जास्त पसंत आहे.

चेक भरण्याआधी ग्राहकाने थोडे पैसे दिले असतील तर?

समजा व्यापाऱ्याने ६ जानेवारीला ४०,००० ऑनलाइन पाठवले, आणि तरीही कारखानदाराने १,८५,००० चाच चेक भरला. मग चेक वटवायच्या दिवशी त्या चेकपोटी खरं देणं १,४५,००० च राहिलं होतं. ११ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, असे पैसे आलेले असतील तर चेकच्या मागे तशी नोंद करून उरलेल्या रकमेपुरताच तो वटवावा. पूर्ण रकमेचा भरला आणि परत आला, तर त्यावर कलम १३८ चा गुन्हा होत नाही.

व्यवहारात चेकच्या मागे नोंद करून उरलेली रक्कम मागायला बँकेच्या खिडकीवर गेलात, तर समोरचा माणूस तुमच्याकडे बघतच राहील. सोपा मार्ग म्हणजे जुना चेक परत करून उरलेल्या रकमेचा नवा घेणे. ‘आधी दिलेले ४०,००० बिल २४४ पोटी जमा केले’ असं म्हणायचं असेल, तर तशी पावती त्याच वेळी गिऱ्हाइकाला गेलेली हवी. नंतर वहीत फिरवाफिरव केली, तर उलटतपासणीत ती उघडी पडते.

नोटिशीचा मजकूर कसा असावा? नमुना मिळेल का?

ठरावीक छापील फॉर्म नाही. मराठीत लिहिली तरी चालते. स्टॅम्प पेपर लागत नाही. आपल्या प्रकरणापुरती ती अशी:

> दिनांक २१ जानेवारी २०२६
>
> प्रति, (व्यापाऱ्याचे पूर्ण नाव), प्रोप्रायटर, (दुकानाचे नाव), (दुकानाचा पत्ता), तासगाव, जि. सांगली. तसेच (घरचा पत्ता).
>
> विषय: परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१, कलम १३८ अन्वये मागणी नोटीस.
>
> महोदय,
>
> १. आपण आमच्याकडून कोरुगेटेड बॉक्स खरेदी केले. त्यापैकी बिल क्र. २१८ रक्कम रु. ९८,६०० व बिल क्र. २३१ रक्कम रु. ८६,४००, असे एकूण रु. १,८५,००० आपणाकडून येणे होते.
>
> २. सदर देण्यापोटी आपण आपल्या खात्यावरील चेक क्र. (सहा आकडी क्रमांक), दिनांक ५ जानेवारी २०२६, रक्कम रु. १,८५,००० (अक्षरी रुपये एक लाख पंच्याऐंशी हजार मात्र), (बँक व शाखा) हा आपल्या सहीने आम्हांस दिला.
>
> ३. आम्ही तो चेक दिनांक ८ जानेवारी २०२६ रोजी आमच्या (बँक), मिरज शाखेतील खात्यात वटणावळीसाठी भरला. तो दिनांक ९ जानेवारी २०२६ च्या मेमोने ‘फंड्स इनसफिशियंट’ या कारणास्तव न वटता परत आला. त्याची माहिती आम्हांस त्याच दिवशी बँकेकडून मिळाली.
>
> ४. तरी आपणांस या नोटिशीने कळविण्यात येते की, ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत आपण वर नमूद चेकची रक्कम रु. १,८५,००० (अक्षरी रुपये एक लाख पंच्याऐंशी हजार मात्र) आम्हांस अदा करावी. मुदतीत रक्कम न दिल्यास आपणाविरुद्ध कलम १३८ अन्वये फौजदारी फिर्याद दाखल करण्यात येईल.
>
> ५. व्याज, खर्च व अन्य बिलांची येणे रक्कम वसूल करण्याचा आमचा हक्क आम्ही राखून ठेवीत आहोत.

एवढं पुरे. ‘आपण लबाड, फसवे आहात’ असले परिच्छेद लोक हौसेने घालायला सांगतात. त्याने वसुली एका रुपयाने वाढत नाही, समोरच्याला उलट नोटीस द्यायला मात्र निमित्त मिळतं.

मुदत सात दिवसांची दिली तर लवकर पैसे येतील ना?

नाही. कायद्याने चेक देणाऱ्याला नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस दिले आहेत. तुम्ही सात लिहिलेत म्हणून ते कमी होत नाहीत, आणि आठव्या दिवशी फिर्याद केलीत तर ती मुदतपूर्व ठरते. २०१४ च्या निकालानुसार पंधरा दिवस पुरे होण्याआधी केलेल्या फिर्यादीची दखलच घेता येत नाही. वाक्य ‘नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत’ असंच लिहा. ‘नोटिशीच्या तारखेपासून १५ दिवसांत’ हेसुद्धा नको, कारण टपालात तीन-चार दिवस जातात आणि ते गिऱ्हाइकाच्या मुदतीतले नव्हेत.

नोटीस कोणाच्या नावाने काढायची?

ज्याच्या खात्याचा चेक आहे आणि ज्याची सही आहे, त्याच्या नावाने. माल मागायला मुलगा येतो, चेक मात्र वडिलांच्या खात्याचा असतो, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. नोटीस वडिलांना. खातं नवरा-बायकोचं जोडीने असलं आणि सही एकाचीच असली, तर सही करणाराच जबाबदार.

दुकानाच्या नावाचं खातं असेल आणि एकच मालक असेल, तर मालक आणि दुकान एकच. भागीदारी असेल, तर फर्मला आणि कारभार बघणाऱ्या भागीदारांना पाठवा. प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर नोटीस कंपनीला गेलीच पाहिजे, नोंदणीकृत पत्त्यावर. कंपनीला सोडून फक्त डायरेक्टरवर केलेली फिर्याद टिकत नाही. डायरेक्टरांना वेगळी नोटीस कायद्याने सक्तीची नाही, पण एक प्रत पाठवायला खर्च तो किती.

कशी पाठवायची? लिफाफा न घेताच परत आला तर?

टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं, त्यामुळे ‘रजिस्टर एडी’ म्हणायची सवय असली तरी खिडकीवर आता स्पीड पोस्टच करायचं, पोच मिळेल अशा पद्धतीने. दुकान आणि घर, दोन्ही पत्त्यांवर पाठवा. पावतीवरचा पिनकोड तिथंच उभं राहून तपासा. ट्रॅकिंगचं पान डिलिव्हरी दिसल्या दिवशीच छापून ठेवा, नंतर ते मिळेलच असं नाही. व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेलवर प्रत जरूर टाका, पण टपालाच्या जोडीला, टपालाऐवजी नव्हे.

लिफाफा ‘घेण्यास नकार’, ‘दार बंद’ किंवा ‘मागणी केली नाही’ अशा शेऱ्याने परत आला, तर घाबरू नका. पत्ता बरोबर असेल, तर नोटीस पोचली असं कायदा गृहीत धरतो. सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये पुढे असंही म्हटलं की, ज्याला खरोखरच नोटीस मिळाली नाही, त्याने कोर्टाचं समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत चेकचे पैसे भरावेत. ते न करता ‘नोटीसच मिळाली नाही’ म्हणत बसता येणार नाही. परत आलेला लिफाफा मात्र फोडू नका. तो बंद स्थितीतच कोर्टात जातो.

यात एक पेच राहतो: १५ दिवस पोस्टमनच्या शेऱ्यापासून मोजायचे, की लिफाफा तुमच्या हाती परत आला तेव्हापासून? आम्ही दोन्ही हिशेबांत बसेल असा दिवस निवडतो. समजा शेरा २७ जानेवारीचा आणि लिफाफा परत आला ५ फेब्रुवारीला. उशिराची तारीख धरली, तर पंधरावा दिवस २० फेब्रुवारी. लवकरची धरली, तर फिर्यादीची शेवटची तारीख १२ मार्च. म्हणजे २१ फेब्रुवारी ते ११ मार्च या पट्ट्यात फिर्याद गेली की कोणीही कसंही मोजलं तरी ती मुदतीत.

नोटीस मिळाल्यावर पुढचे दिवस कसे मोजायचे?

व्यापाऱ्याला नोटीस २७ जानेवारीला मिळाली. तो दिवस सोडायचा. २८ जानेवारी पहिला, ११ फेब्रुवारी पंधरावा. ११ तारखेच्या रात्रीपर्यंत पैसे द्यायला त्याला मुभा आहे. १२ फेब्रुवारीला फिर्यादीचं कारण घडतं आणि तिथून एक महिन्यात फिर्याद करायची. इथे ‘३० दिवस’ नाहीत, ‘एक महिना’ आहे, कॅलेंडरचा. कारण घडल्याचा दिवस मोजणीत धरत नाहीत, हे २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने पक्कं केलं. त्यामुळे शेवटची तारीख १२ मार्च २०२६. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा असल्यामुळे ३० दिवस मोजणारा माणूस इथे दोन दिवस चुकतो. तो १४ मार्च धरतो, म्हणजे त्याची मुदत हुकलेली असते. मार्चमध्ये कारण घडलं, तर मात्र तो उलट एक दिवस अलीकडची तारीख धरतो. आम्ही डायरीत एक दिवस अलीकडची तारीख लाल शाईने लिहितो, ११ मार्च.

फिर्याद मिरजेच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, कारण कारखानदाराचं खातं मिरज शाखेत आहे. २०१५ च्या दुरुस्तीपासून चेक ज्याला मिळाला, त्याच्या बँकेची शाखा जिथे, तिथलं कोर्ट. तासगावला खेपा नाहीत.

नोटीस मिळाल्यावर ग्राहक म्हणतो, ‘हप्त्याने देतो, थोडं थांबा’. थांबावं का?

थांबायला हरकत नाही, पण घड्याळ थांबत नाही. मुदती बुडतात त्या बहुतेक इथेच. गिऱ्हाईक तीस-चाळीस हजार देतो, ‘अहो, बाकीचे पाडव्याला नक्की’ म्हणतो, पुरवठादाराला बरं वाटतं आणि १२ मार्च निघून जातो. चेकची पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत आली नाही, म्हणजे मुदत पाळली गेली नाही. हप्ते घ्या, पावत्या द्या, आणि फिर्याद मुदतीत करा. त्यात आलेले पैसे प्रामाणिकपणे दाखवा. तडजोड कोर्टातही होते, हा गुन्हा आपसांत मिटवता येतो.

मुदत हुकलीच तर?

कोणती हुकली, त्यावर आहे. फिर्यादीचा एक महिना हुकला आणि सबळ कारण असेल, तर कोर्ट उशीर माफ करू शकतं. नोटिशीचे ३० दिवस हुकले, तर माफी देण्याची सोयच कायद्यात नाही. अशा वेळी चेकच्या तारखेपासून तीन महिने झाले नसतील, तर तो पुन्हा भरा, नवा मेमो घ्या आणि नव्याने ३० दिवस मोजा. तेही गेलं असेल, तर तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा.

ग्राहकाने उत्तर पाठवलं की चेक ‘सिक्युरिटी’चा होता. आता?

उत्तर जपून ठेवा, त्यात बहुधा सही आणि चेक दिल्याची कबुली मिळते. सिक्युरिटीचा म्हणून दिलेला चेकही, वटवायच्या दिवशी तेवढं देणं खरोखर बाकी असेल, तर कलम १३८ मध्ये येऊ शकतो. चेक देण्यापोटीच दिला, असं कायदा आधी गृहीत धरतो आणि ते खोडायची जबाबदारी चेक देणाऱ्यावर असते. तुमच्या बाजूने बिलं, डिलिव्हरी चलनावरच्या सह्या आणि जीएसटी रिटर्नमधली नोंद तयार हवी. आपल्या कारखानदाराकडे चलनावर व्यापाऱ्याच्या हमालाची सही आणि टेम्पोचा नंबर होता. अशा वेळी चकचकीत करारापेक्षा तो चुरगळलेला कागद कामाला येतो.

नोटीस वकिलानेच द्यावी लागते का?

नाही. चेक ज्याच्या नावाने आहे, तो स्वतः सही करून देऊ शकतो.

आणि पंधरा दिवसांच्या आत पैसे आले तर?

तर त्या चेकवर फिर्याद होत नाही. समजा व्यापाऱ्याने १० फेब्रुवारीला, चौदाव्या दिवशी, १,८५,००० एनईएफटीने पाठवले. कारखानदाराने त्याच दिवशी बिल २१८ आणि २३१ पोटी जमा झाल्याची पावती द्यावी. मूळ चेकवर ‘रक्कम मिळाली’ असं लिहून तो परत करावा आणि परत घेतल्याची सही झेरॉक्सवर घ्यावी. बिल २४४ चे १,२७,४०० तसेच उभे आहेत. त्यासाठी व्यापाऱ्याने नवा चेक पुढे केला, तर तारीख टाकून आणि अक्षरी रक्कम लिहूनच घ्यावा, त्याच्या मागे पेन्सिलीने बिल नंबर टिपावा, आणि पुढची खोकी तो वटल्यावरच टेम्पोत भरावीत.